‘अ‍ॅज पर’ की नुसतं ‘पर’? आणि ‘अ‍ॅज पर माय नॉलेज’मधे चुकलं काय?

मीरा_कारंजा
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिसचं काम मी पाहते, म्हणजे गोदामाची नोंद, बिलं, आणि व्यापाऱ्यांना मेल. इंग्रजी मेल लिहिणारी मी एकटीच असल्यामुळे अडलं की विचारायला कोणी नाही, म्हणून इथे विचारते.

सोयाबीनचा 160 क्विंटलचा लॉट आहे, 50 किलोचे 320 कट्टे. एका तेल कारखान्याच्या खरेदीवाल्यांशी सोमवारी फोनवर बोलणं झालं. भाव ठरला, ओलावा 12 टक्क्यांच्या आत पाहिजे हे ठरलं, त्यांच्या माणसाने आधीच सँपल नेलं होतं. ते म्हणाले मेलवर कन्फर्म करा, मग गाडी पाठवतो. मी लिहिलं :

‘अ‍ॅज पर टेलिफोनिक डिस्कस्ड, अ‍ॅज पर माय नॉलेज द मॉइश्चर इज बिलो 12 पर्सेंट. काइंडली कन्फर्म.’

त्यांचं उत्तर आलं : ‘पर अवर कॉल, प्लीज कन्फर्म मॉइश्चर अ‍ॅज पर सँपल. युवर नॉलेज इज नॉट अ कन्फर्मेशन.’

वाचून फार वाईट वाटलं. अध्यक्ष काकांनी विचारलं काय लिहिलं त्यांनी, मला सांगताच येईना. पुण्याच्या भाच्याला फोन केला तर तो म्हणे मावशी ‘अ‍ॅज पर’ चूकच आहे, नुसतं ‘पर’ लिहीत जा. पण त्या माणसाने एकाच ओळीत दोन्ही लिहिलंय, एकदा ‘पर’ आणि एकदा ‘अ‍ॅज पर’! आणि आम्हाला तर शाळेपासून ‘अ‍ॅज पर युवर ऑर्डर’ असंच शिकवलं. तर नेमकं बरोबर काय? आणि ‘माझ्या माहितीप्रमाणे’ला इंग्रजीत काय म्हणायचं? उद्या अकराच्या आत उत्तर द्यायचं आहे, तोवर गाडी निघणार नाही.

शेगावचा_पाटील
ताई पर मंजे पर क्विंटल. भाव पर क्विंटलच लिवा, पर कट्टा लिवू नका, मागच्या साली आमच्याकडे त्याच्यावरूनच घोळ झालता. हमीभावाच्या खाली देऊन राहिले असान तं अजून थांबा.

मीरा_कारंजा
पाटील दादा, भावाचं ठरलं आहे हो. मी त्या ‘पर’बद्दल नाही, ‘च्याप्रमाणे’वाल्या ‘पर’बद्दल विचारते आहे.

पुण्यातला_वऱ्हाडी
तुमचा भाचा बरोबर आहे. मी आठ वर्षं अमेरिकन क्लायंटसोबत काम करतो, ते लोक ‘पर अवर कॉल’, ‘पर युवर रिक्वेस्ट’ असंच लिहितात. ‘पर’ हा लॅटिन शब्द आहे, त्याच्यातच ‘प्रमाणे’ येऊन जातं, मग ‘अ‍ॅज’ कशाला? आमचा मॅनेजर प्रत्येक मेलमधून ‘अ‍ॅज’ खोडायचा. तर साधं सूत्र, जिथे जिथे ‘अ‍ॅज पर’ तिथे तिथे ‘अ‍ॅज’ काढा. ‘पर अवर कॉल’, ‘पर सँपल’, ‘पर माय नॉलेज’. झालं.

वर्ध्याची_माई
‘पर माय नॉलेज’ कानाला खटकतंय रे बाबा. आमच्या ज्युनियर कॉलेजात मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, कोणी तसं लिहिलं असतं तर मी लाल शाई केली असती. पण का ते नीट सांगता येण्याआधी जरा विचार करते. रात्री लिहिते.

अर्जनवीस_काका
आमच्या धंद्याचं सांगतो. तहसीलसमोर टेबल टाकून मी प्रतिज्ञापत्रं लिहितो, आता पोरगा टाइप करते. शेवटच्या परिच्छेदात पक्षकार म्हणते की ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे’. इंग्रजी प्रत काढायची असली की आम्ही ‘ट्रू टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज अँड बिलीफ’ लिहितो. इतक्या वर्षांत जुन्या चांगल्या वकिलाच्या कागदावर ‘अ‍ॅज पर माय नॉलेज’ पाह्यलं नाही.

आन एक गोष्ट. दिवाणी दाव्यात नुसतं ‘माझ्या माहितीप्रमाणे’ म्हणून सुटका नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 6 नियम 15 मधे पडताळणी आहे, तिथे कोणता परिच्छेद स्वतःच्या माहितीतला अन् कोणता दुसऱ्याकडून कळून खरा मानलेला, हे नंबर टाकून वेगवेगळं सांगा लागते. धुरा मोजताना तुम्ही स्वतः उभे होते तं ती तुमची माहिती, अन् भावानं सांगितलं की मोजला तं ती मिळालेली माहिती. मराठीत दोन्हीले आपण ‘माहिती’च म्हणतो, तिथंच माणूस फसते. मीराताई, तुमचा ओलावा तुम्ही पाह्यला होता का कोणी सांगितला होता?

मीरा_कारंजा
काका, तुमच्या प्रश्नाने दचकलेच. मी नव्हता पाहिला. गोदामातल्या भाऊंनी मीटर लावून सांगितलं ‘बारा आतच हाय ताई’. त्यावरून मी लिहिलं.

जुनी_बँक
मी नागपूरला बँकेत आयात-निर्यातीच्या कागदपत्रांच्या टेबलवर होतो, निवृत्त होऊन आता आर्वीजवळ संत्र्याच्या बागेत असतो. या दोन शब्दांवर रोज तासन्‌तास गेलेले आहेत म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी पुण्यातल्या भाऊंचं. ‘पर’ बरोबर आहे, अमेरिकेत खूप चालतं. पण म्हणून ‘अ‍ॅज पर’ चूक होत नाही. व्यापारी पत्रांमधे ‘अ‍ॅज पर’ जुनं आहे, ‘अ‍ॅज पर इन्व्हॉइस’, ‘अ‍ॅज पर सँपल’ हे ठरलेले प्रयोग आहेत. इंग्लंडात आणि आपल्याकडे ते सरसकट वाचायला मिळतं. शैलीच्या पुस्तकांची त्यावर तक्रार आहे, पण ती ‘हे चूक आहे’ अशी नाही, ‘कारकुनी वास येतो’ अशी आहे, आणि तो वास नुसत्या ‘पर’लाही येतोच. त्यांना ‘अकॉर्डिंग टू’ किंवा साधं ‘अ‍ॅज वी डिस्कस्ड’ आवडतं. म्हणून त्या खरेदीवाल्याने एका ओळीत दोन्ही लिहिलं, त्यात चूक काहीच नाही. ‘अ‍ॅज पर सँपल’ हे त्याच्या धंद्याचं तयार वाक्य आहे, ते तो तसंच लिहिणार.

खरा मुद्दा ‘अ‍ॅज’ ठेवा की काढा हा नाहीच. ‘अ‍ॅज पर’च्या पुढे काय येतं ते पाहा. ऑर्डर, सँपल, इन्व्हॉइस, करार, तुमची सूचना, आपलं बोलणं. हे सगळं बोलणाऱ्याच्या डोक्याबाहेर आहे, दोघांनाही दाखवता येतं. वाद झाला तर कागद काढता येतो, सँपलची पिशवी उघडता येते, फोनवर काय ठरलं ते दुसऱ्याला विचारता येतं. ‘माय नॉलेज’ कुठून काढून दाखवणार? म्हणून ‘अ‍ॅज पर माय नॉलेज’ बसत नाही, आणि त्यातला ‘अ‍ॅज’ काढून ‘पर माय नॉलेज’ केलं तरी बसत नाही. तिथे ‘टू माय नॉलेज’ किंवा ‘अ‍ॅज फार अ‍ॅज आय नो’.

पुण्यातला_वऱ्हाडी
ओके, ‘पर माय नॉलेज’ मागे घेतो. क्लायंटच्या मेलमधे शोधून पाहिलं, त्यांचं एकही सापडलं नाही. जे सापडले ते सगळे आपल्याच टीमचे, त्यात दोन माझे.

पण ‘अ‍ॅज पर’ मी तरी लिहिणार नाही.

संत्रावाला_मोर्शी
मग ‘अ‍ॅज पर माय इन्फर्मेशन’ चालन का? मी नेहमी तेच लिवतो.

जुनी_बँक
‘अ‍ॅज पर द इन्फर्मेशन रिसीव्हड फ्रॉम द गोडाऊन’ चालतं, कारण ती माहिती कुठूनतरी आली आहे आणि कुठून आली ते तुम्ही सांगितलं. ‘माय इन्फर्मेशन’ म्हटलं की पुन्हा ती तुमच्या खिशात गेली. अर्जनवीस काकांनी वर जे सांगितलं त्याच्याइतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. आपल्या ‘माहिती’चे इंग्रजीत दोन तुकडे होतात, डोक्यातली ती नॉलेज आणि हातात आलेली ती इन्फर्मेशन. आणि आपला ‘प्रमाणे’ दोन्हीला चालतो, ‘ऑर्डरप्रमाणे’ही म्हणतो आणि ‘माझ्या माहितीप्रमाणे’ही म्हणतो. शाळेत ‘प्रमाणे म्हणजे अ‍ॅज पर’ असं पाठ झालं की हे वाक्य आपोआप तयार होतं. हिंदीतही ‘मेरी जानकारी के अनुसार’ तसंच आहे, म्हणून ही चूक फक्त आपली नाही, उत्तरेकडच्या मेलमधेही तीच दिसते.

वर्ध्याची_माई
मी रात्री लिहिणार होते तेच बँकवाल्या दादांनी लिहिलं, पण एक राहिलंय. मीराताईंच्या मेलमधली पहिली चूक कोणी धरलीच नाही. ‘अ‍ॅज पर टेलिफोनिक डिस्कस्ड’. ‘अ‍ॅज पर’नंतर नाम लागतं, क्रियापद नाही. ‘अ‍ॅज पर अवर डिस्कशन’ म्हणा नाहीतर ‘अ‍ॅज डिस्कस्ड’ म्हणा, दोन्हीची खिचडी नको. तसंच ‘अ‍ॅज पर मेन्शन्ड’, ‘अ‍ॅज पर वी टॉक्ड’, हे मुलं सर्रास लिहायची. मी वर्गात मराठीत विचारायची, ‘बोलण्याप्रमाणे’ म्हणशील की ‘बोललोप्रमाणे’ म्हणशील? मुलं हसायची आणि चूक पुन्हा करायची नाहीत. ‘बोलण्याप्रमाणे’तलं ‘बोलणं’ हे नाम, तिथे ‘अ‍ॅज पर’. आणि ‘बोललो तसं’ म्हणायचं असेल तर ‘पर’ काढून टाका, एकटा ‘अ‍ॅज’ पुरतो.

म्हणजे पुण्याच्या भाऊ, इथे ‘अ‍ॅज’ काढायचा नाही, ‘पर’ काढायचा!

दिग्रसचा_दीपक
‘अ‍ॅज पर युवर काइंड इन्फर्मेशन’ राहिलं की. आमच्या पंचक्रोशीत अर्धे अर्ज त्यानंच सुरू होतात.

वर्ध्याची_माई
हो रे दीपक! ते ‘फॉर युवर काइंड इन्फर्मेशन’. ‘आपल्या माहितीसाठी’ आणि ‘आपल्या माहितीप्रमाणे’ यात किती फरक पडतो बघ, पहिल्यात आपण साहेबांना सांगतोय, दुसऱ्यात साहेबांनी आपल्याला सांगितलंय. वाचणारा गोंधळतो की मी कधी सांगितलं याला.

शेगावचा_पाटील
आमचे ग्रामसेवक तं ‘ॲज पर युवर काइंड परुजल’ लिवत. फाइल पास व्हायची पण.

मीरा_कारंजा
सगळ्यांचे आभार, खूप कळलं. मग मी असं लिहू का : ‘अ‍ॅज डिस्कस्ड, टू माय नॉलेज द मॉइश्चर इज बिलो 12 पर्सेंट.’ आता व्याकरण बरोबर झालं ना?

जुनी_बँक
व्याकरण बरोबर झालं, पण मीराताई, पाठवू नका. त्या माणसाची तक्रार व्याकरणाची नव्हतीच.

तो कन्फर्मेशन मागतोय. ‘टू माय नॉलेज’ म्हणजे ‘मला ठाऊक आहे तिथवर, चुकू शकते’. सुधारलेल्या वाक्यातही तुम्ही तेच सांगताय, फक्त आता शुद्ध इंग्रजीत. उलट त्याने जो शब्द वापरलाय तो नीट पाहा, ‘अ‍ॅज पर सँपल’. हे शोभेचे शब्द नाहीत. 1930 च्या मालविक्री कायद्यात कलम 17 नमुन्यावरून विक्रीचं आहे, त्यात सगळा माल गुणवत्तेत नमुन्याशी जुळला पाहिजे ही अट गृहीतच धरलेली आहे. तुम्ही ‘अ‍ॅज पर सँपल’ला हो म्हटलं आणि सौदा तसा ठरला की 320 कट्ट्यांची जबाबदारी त्या पिशवीला बांधली जाते. म्हणून आधी सांगा, मीटर किती कट्ट्यांना लावलं, कधी, आकडे काय आले, आणि त्यांनी सँपल कुठल्या कट्ट्यांतून नेलं?

मीरा_कारंजा
भाऊंना विचारून आले. तीन कट्ट्यांना लावलं होतं, तिन्ही दाराजवळच्या थप्पीतले. आकडे 11.4, 11.6 आणि 11.5. वहीत लिहिलेले आहेत, तारीखही आहे. त्यांच्या माणसाने सँपलही दाराजवळच्याच थप्पीतून नेलं. मागच्या भिंतीकडे साधारण 90 कट्टे आहेत ते शेवटी आलेत, पाऊस होऊन गेल्यावरची काढणी. त्यांना मीटर लावलंच नाही.

जुनी_बँक
मग उत्तर इंग्रजीत शोधू नका, गोदामात शोधा. सकाळी मागच्या थप्पीतले वर, मधे, खाली असे वेगवेगळे कट्टे घेऊन मीटर लावा. आकडा आला की मेल आपोआप लिहून होईल.

संत्रावाला_मोर्शी
मीटर लावताना दाणा थंड असताना नका लावू लगेच, गोदामातला अन् मीटरचा गारवा सारखा होऊ द्या. आमच्याकडे सकाळी सातचा आकडा अन् अकराचा आकडा वेगळा आलता. अन् कट्ट्याच्या तोंडाजवळचे दाणे नका घेऊ, बंबी आतपर्यंत घाला.

अर्जनवीस_काका
जे स्वतः पाह्यलं ते ‘पाह्यलं’ म्हणून लिवा, जे भाऊनं सांगितलं ते त्याच्या नावावर लिवा. मग कोणत्याच ‘माहितीप्रमाणे’ची गरज पडत नाही.

पुण्यातला_वऱ्हाडी
इथे माझा थोडा विरोध आहे. एवढं सगळं लिहिलं तर समोरचा घाबरेल, सौदा जाईल. थोडं मोघम ठेवलेलं बरं असतं, म्हणूनच लोक ‘टू माय नॉलेज’ लिहितात ना?

अर्जनवीस_काका
मोघम लिवल्यानं सौदा टिकते, माल उतरवताना मोडते. मंग वजनात कापतात, अन् भाडं कोणाच्या अंगावर ह्याच्यावर भांडण. मी अशे अर्ज लिवले हायेत.

वर्ध्याची_माई
‘टू माय नॉलेज’ला जागा आहे पण. जिथे खरंच सगळं बघणं शक्य नसतं तिथे तो प्रामाणिक शब्द आहे, आणि नकारार्थी वाक्यात तर फार छान बसतो. ‘टू माय नॉलेज, नो बॅग हॅज गॉट वेट सिन्स.’ नंतर कोणताच कट्टा भिजल्याचं मला ठाऊक नाही. याची खात्री कोण देणार, रात्री पत्र्यातून थेंब पडला तर? तिथे तो शब्द शोभतो. आकडा समोर असताना त्याच्या आड लपलं की मात्र तो खटकतो. आणि ‘टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज’ म्हटलं की मी चौकशी केली, मग सांगते आहे, असा थोडा जास्त वजनदार अर्थ निघतो. चौकशी केली नसेल तर तो वापरू नये असं माझं मत.

दिग्रसचा_दीपक
माई, ‘पर माय लास्ट मेल’ उद्धट वाटते का? आमच्या तालुक्याच्या एका व्यापाऱ्याले मी तसं लिवलं अन् त्यानं दोन दिवस फोन नाई उचलला.

पुण्यातला_वऱ्हाडी
हो, आमच्याकडे ते चक्क टोमणा म्हणून ओळखलं जातं, ‘आधीच सांगितलं होतं, वाचलं नाहीस’ असा. ‘अ‍ॅज’ लावला तरी टोमणाच राहतो. त्याऐवजी जे आधी सांगितलं तेच पुन्हा एका ओळीत सांगावं.

वर्ध्याची_माई
मला तो शब्द उद्धट वाटत नाही, कोण कोणाला आणि कितव्यांदा लिहितंय त्यावर ठरतं. पहिल्यांदा आठवण देताना चालतो.

मीरा_कारंजा
आत्ता दहा वाजलेत. पहाटे भाऊ आणि मी दोघं गोदामात होतो, सगळे आकडे मी स्वतः पाहून लिहिले. मागच्या थप्पीतले नऊ कट्टे तपासले. वरचे तीन 11.8 ते 12.0. मधले तीन 12.1 ते 12.3. खालचे, भिंतीला लागून असलेले तीन 12.9, 13.1 आणि 12.8. दादा, तुम्ही विचारलं नसतं तर मी ‘अ‍ॅज पर सँपल कन्फर्म्ड’ लिहून मोकळी झाले असते. अध्यक्ष काका म्हणाले ते 90 कट्टे बाजूला काढा, वाळवू, आणि आत्ता 230 कट्टेच द्या. म्हणजे 115 क्विंटल.

आता मसुदा पाहा :

‘अ‍ॅज डिस्कस्ड ऑन मंडे, वी कन्फर्म 230 बॅग्ज ऑफ 50 केजी, 115 क्विंटल्स, अ‍ॅज पर द सँपल युवर रिप्रेझेंटेटिव्ह टुक. थ्री बॅग्ज ऑफ धिस स्टॅक रेड 11.4 टू 11.6 पर्सेंट. द रिमेनिंग 90 बॅग्ज रेड अप टू 13.1 अँड आर बिइंग ड्राइड. वी विल कन्फर्म देम सेपरेटली. टू माय नॉलेज, नो बॅग हॅज गॉट वेट सिन्स टेस्टिंग.’

जुनी_बँक
सुरेख. दोन गोष्टी. 230 कट्ट्यांपैकी मीटर लावलेले अजूनही तीनच आहेत, आणि तिन्ही दाराजवळचे. अकराला तास आहे, त्या थप्पीच्या मधल्या आणि तळच्या आणखी पाच-सहा कट्ट्यांना लावून घ्या. दुसरं, वाळायला ठेवलेल्या कट्ट्यांची तारीख आत्ता देऊ नका, हवामानावर आहे.

आणि त्यांनी पीओ म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर पाठवली तर त्यातले शब्द जसेच्या तसे बिलावर उतरवा. पीओत ‘अ‍ॅज पर सँपल’ असेल तर बिलातही ‘अ‍ॅज पर सँपल’, ‘पर’ नको, ‘अकॉर्डिंग टू’ नको. बँकेच्या पतपत्राच्या, म्हणजे एलसीच्या कागदांत आम्ही हेच करायचो. तिथे इन्व्हॉइसमधलं मालाचं वर्णन एलसीशी जुळावं असा नियमच आहे, आणि कोणी इंग्रजी सुधारायला गेलं की उगाच विचारणा यायची. आपली भाषा सुधारायची ती आपल्या मेलमधे, दुसऱ्याच्या कागदातली नाही.

पुण्यातला_वऱ्हाडी
हे मला नवीन आहे. ‘अ‍ॅज’ खोडायची सवय इथे महागात पडली असती.

वर्ध्याची_माई
‘हॅज गॉट वेट’ चालेल ग मीरा, छान आहे. पाठव.

मीरा_कारंजा
पाठवला 10.50 ला. आधी सहा कट्टे अजून तपासले, सगळे 11.5 ते 11.9 मधे, म्हणून ‘थ्री बॅग्ज’चं ‘नाइन बॅग्ज’ आणि ‘11.4 टू 11.9’ केलं.

उत्तर आलं सव्वाबाराला : ‘नोटेड. ट्रक फॉर 230 टुडे इव्हनिंग. सेंड रीडिंग्ज ऑफ 90 आफ्टर ड्राइंग.’ मग त्यांचा फोनही आला, मराठीत बोलले! म्हणाले आकडे दिले ते बरं केलं, पण उतरवताना आमचं मीटर लावू, आमचंच धरू. आता त्यांच्या आणि आमच्या मीटरमधे फरक आला तर कोणाचं धरायचं हे मात्र मेलमधे कुठेच नाही.

अर्जनवीस_काका
ते राह्यलंच. गाडी निघाच्या आधी लिवून घ्या.

जुनी_बँक
हो. दोन्ही मीटर एकाच कट्ट्याला समोरासमोर लावायचे, असं लिहून बघा. ते मानतीलच असं नाही.

मीरा_कारंजा
लिहिते. भाच्याचा मेसेज आलाय, ‘मावशी तरी पण पर बरोबर आहे’. त्याला धागा पाठवला आहे.

शेगावचा_पाटील
ताई मीटर कोणतं हाये तुमचं? आमचं दोन वर्षांपासून तपासून घेतलं नाही. ते कुठं तपासून भेटते?

संत्रावाला_मोर्शी
पाटील, ज्यानं विकलं त्याच्याकडंच विचारा आधी. तोवर एकच दाणा दोन मीटरवर लावून पाहा.